नदीवर नेलं तिले

आमच्या घरात कोणी कोणाचं नाव घेऊन बोलत नाही. "आले का?" "जेवले." "पेपर वाचून राह्यले असतीन." बाबा होते तोवर आईची अर्धी वाक्यं अशीच असायची. करणारा कोण ते सांगायची तिला कधी गरज पडली नाही. बाबांचं नाव तोंडातून काढायचं नाही हा तिच्या पिढीचा रिवाज, आणि 'ते' म्हणायचाही तिला कंटाळा. क्रियापद अनेकवचनी आलं की बाबा, एकवचनी आलं की मी, दूधवाला, मांजर, नाहीतर लाइट. आम्हाला सगळं कळायचं. बाबा जाऊन तीन वर्षं झाली आणि चिखलीच्या घरात मी आणि आई दोघीच उरलो, तरी ती सवय तशीच राहिली.

या सवयीवर माझं पोट भरू लागेल असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. ते सुटलं तेव्हा पुण्याच्या एका मॅडमनी मला त्यांच्या बोलीभाषेच्या प्रकल्पात घेतलं. काम सोपं वाटलं होतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांची बोलणी रेकॉर्ड करायची आणि ऐकून ऐकून लिहून काढायची. पहिल्या ओळीत जसं ऐकू आलं तसं. त्याखाली दुसरी ओळ, आणि तिथे माणसानं गाळलेले शब्द चौकटी कंसात भरायचे. कोणी केलं, कोणाला केलं. बोलणारा मध्ये थांबला तर किती सेकंद थांबला तेही लिहायचं. दुसऱ्या ओळीत एकही क्रियापद कर्त्याशिवाय सोडायचं नाही, हा मॅडमचा नियम. माहीत नसेल तर प्रश्नचिन्ह टाका म्हणायच्या, पण प्रश्नचिन्ह टाकणं मला हरल्यासारखं वाटायचं. मी कंस भरण्यात पटाईत झाले. वर्षभरात माझ्या फायलींमध्ये मोजून पाच-सहा प्रश्नचिन्हं असतील, आणि याचा मला उगाच माज होता.

मॅडम हुशार बाई, पण वऱ्हाडी कानावर पडली की त्यांच्या आवाजात एक कौतुकाचं हसू यायचं, गावाकडून आलेल्या पाहुण्याशी बोलताना येतं तसं. सुरुवातीला त्यांनी माझी एक फाइल परत पाठवली. "इथे 'येते' आहे आणि तुम्ही कंसात 'तो' भरलंय. 'येते' म्हणजे ती ना?" मी त्यांना फोनवर समजावलं, की मॅडम, तुमच्याकडे तो येतो आणि ती येते. आमच्याकडे तोही येते आणि तीही येते. आणि बाया स्वतःबद्दल 'मी येतो' म्हणतात. त्यामुळे 'करतो' आलं की बोलणारी स्वतः, 'करते' आलं की दुसरं कोणीतरी. ते दुसरं कोण, बाई की पुरुष, हे क्रियापदावरून कळत नाही, मागचं ऐकावं लागतं. मॅडम म्हणाल्या, "किती गंमत आहे!" मला त्यात गंमत काही दिसली नाही. आम्ही असेच बोलतो.

त्यांच्याकडून मी दोन गोष्टी शिकले ते मात्र कबूल करते. एक म्हणजे स्पॅनिश. त्या भाषेतही कर्ता सर्रास गाळतात, क्रियापदाच्या शेपटीवरून कळतो. पण कर्म जर आधी बोलण्यात येऊन गेलेलं असेल तर त्याचं छोटं सर्वनाम गाळता येत नाही. ते क्रियापदाला धरूनच राहतं, बहुधा त्याच्या आधी, आणि 'हे कर' अशी आज्ञा असेल तर मागे जोडून. करणारा वाक्यातून निघून जातो, आणि ज्याच्यावर केलं तो तिथेच अडकून पडतो. मला ते ऐकून कसंसंच झालं होतं. मॅडम म्हणाल्या, तुमची मराठी यापेक्षा सैल, ती दोघांनाही सोडून देते. "दिलं का?" "दिलं." कोणी, काय, कोणाला, सगळं गायब.

दुसरी गोष्ट आमच्याच बोलीतली होती, पण मी कधी लक्ष दिलं नव्हतं. 'मले', 'तुले', 'तिले' हे शब्द एरवी क्रियापदाच्या आधी येतात. बोलताना मात्र आपण ते खूपदा मागे टाकतो. "तिले पानी देल्लं" आणि "पानी देल्लं तिले". मॅडम म्हणाल्या, मागे कोण जातं ते बघा. नव्या माणसाला कोणी मागे टाकत नाही. ज्याच्याबद्दल बोलणं चालूच आहे, जो ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक आहे, तोच क्रियापदाच्या मागे जातो. मी जुन्या फायली काढून तपासलं, आणि बाई बरोबर होती.

गेल्या हिवाळ्यात एक देऊळगाव राजाची आजी आजारी पडली आणि माझ्या फायली कमी भरायला लागल्या. म्हटलं, घरात वऱ्हाडी बोलणारी म्हातारी फुकट बसलीय. आईला विचारलं. ती म्हणाली, "मले काय येते सांगता? पन लाव." मॅडमची सूचना होती की ओळखीचं माणूस समोर असलं की बोलणारा आखडतो, म्हणून रेकॉर्डर सुरू करून आपण बाजूला व्हावं. मी सकाळी अंगणात आईच्या खाटेवर रेकॉर्डर ठेवला, तिला म्हटलं, रोजचा दिवस सांग, आणि भाजी आणायला गेले.

ती पहिली फाइल पंधरा मिनिटांची होती. आई उठते, झाडते, तोंड धुते, सगळं 'करतो, झाडतो, धुतो'. मग एका ओळीपासून 'येते, राह्यते' सुरू झालं. "सकायीच येते. फाटकापाशी उभी राह्यते. आवाज नाही देत. मीच उठतो, पानी देतो तिले. पोयी देतो. खाते अन् पाहात राह्यते मायाकडं."

मी डोळे झाकून कंस भरला. गाय. आमच्या शेजाऱ्यांची तांबडी गाय रोज सकाळी फाटकात तोंड घालून पोळीसाठी उभी असते, सगळी गल्ली तिला ओळखते. नऊ ठिकाणी मी [गाय] लिहिलं, फाइल पाठवली आणि विसरून गेले.

आठवड्यानं मॅडमचा फोन आला. हसत होत्या. "तुमच्या आईंची फाइल फार छान आहे हो. एकच शंका. ही 'तिले' पहिल्यांदा आलीय तीच क्रियापदाच्या मागे. त्याआधी गाईचा उल्लेख नाही कुठे. आई जणू आधीपासून तिच्याबद्दलच बोलतायत."

मी म्हटलं, "रोजची गाय आहे मॅडम, ओळखीचीच झाली ना."

"ते ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण शेजाऱ्यांच्या गाईला तुमच्या आई रोज विचारतात का, की भीती वाटली का रस्त्यात?"

मी ती ओळ लिहिली होती. माझ्याच हातांनी लिहिली होती: "भेव लागलं का रस्त्यानं, इचारतो तिले." आणि खाली कंसात गाय. म्हातारी माणसं जनावरांशी बोलतात असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं असणार. फोन ठेवल्यावर मला राग आला. मॅडमचा, आणि का कोण जाणे, आईचाही. मी स्वयंपाकघरात जाऊन तिला विचारलं, "सकाळी फाटकात कोण येतं गं?"

ती तूर निवडत होती. "काऊन? गाय येते."

मला हायसं वाटलं. मग ती म्हणाली, "गाय नंतर येते."

मी पुढे काही विचारलं नाही. इथे मला स्वतःची चीड येते, अजूनही. कोणीही माणूस विचारेल ना, मग आधी कोण येतं म्हणून. मी गॅसवर कुकर ठेवला.

आता जे सांगायचं ते पस्तीस वर्षांपूर्वीचं आहे. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि त्यांची बदली संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात झाली होती. मी अकरा वर्षांची, आणि माझी धाकटी बहीण सहा. नवरात्राच्या आधीचे दिवस होते. नदीपलीकडच्या उतारावर सीताफळं डोळे उघडायला लागली होती, आणि दुपारी नदीत घोट्याएवढं पाणी असायचं. त्या दुपारी गावात कडक ऊन होतं. वर डोंगरात पाऊस पडला होता आणि ते आम्हाला खाली कळायचा प्रश्नच नव्हता. ते पाणी एकदम आलं. माझी बहीण त्यात गेली. पुढे पंधरा दिवस गावातले लोक काठानं हिंडले, कुठे काही मिळालं नाही. कपडासुद्धा नाही.

मी घरी सांगितलं की मी एकटीच सीताफळांना गेले होते. ती माझ्या मागून आली असेल, मला माहीत नाही. अकरा वर्षांच्या पोरीनं सांगितलं आणि सगळ्यांनी खरं मानलं, कारण त्या दुपारी आई झोपली होती आणि उठली तेव्हा दाराची कडी निघालेली होती. बाबा तसे शांत माणूस, त्यांनी आईवर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. फक्त एक वाक्य म्हणायचे. जेवताना, कधी पेपरातून मान वर करून, कधी माझ्यासमोर. "दार उघडं टाकलं." एवढंच. कोणी, ते म्हणायचे नाहीत. त्या रिकाम्या जागी सगळ्यांनी आईला बसवलं, आजीनं, आत्यांनी, गावानं, आणि आईनंही स्वतःला बसवून घेतलं. ती कधी बोलली नाही की कडी मी लावली होती. मला मात्र पक्कं आठवतं. कडी लावलेली होती. मी स्टुलावर चढून ती काढली होती, कारण बहीण मागे लागली होती की मलाही ने.

बाबांनी चिखलीला बदली मागून घेतली. बहिणीचा फोटो पेटीत गेला, आणि तिचं नाव घरातून गेलं. मीही इथे लिहीत नाही, हात वळत नाही. मी हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं. लग्न ठरत होतं त्या मुलाला नाही, मैत्रिणीला नाही, देवाला मी मानत नाही म्हणून त्यालाही नाही.

तर त्या फोननंतर महिनाभरानं मला दुसरी फाइल करावी लागली. मॅडमना आईचं बोलणं आवडलं होतं आणि त्यांना अजून हवं होतं. मी टाळत होते, पण टाळायला कारण काय सांगणार? सोमवारी बाजाराच्या दिवशी दुपारी दोनला मी रेकॉर्डर आईपाशी लावला. ती म्हणाली, "तू जाय. तुयासमोर नाही जमत." मी पिशवी घेऊन निघाले. परत आले तेव्हा ती खाटेवर पाय घेऊन बसली होती आणि रेकॉर्डर अजून चालू होता. दोन तास भरले होते. आईच्या मांडीवर कंगवा होता. आईचे केस आता बोटभर उरलेत आणि ती ते सकाळीच विंचरते.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या उजेडात, खिडकीपाशी बसून ती फाइल ऐकायला घेतली. पहिला अर्धा तास नेहमीचं होतं. माहेर, कापूस वेचणं, बाबांच्या शाळेतला झेंडा. मी झराझरा लिहीत होते. मग आई थांबली. पाच सेकंद. मी पाच लिहिलं. मग आई म्हणाली, "हाव, सांगतो ना. धीर धर."

मला वाटलं शेजारीण आली. शेजारणीचा आवाज तसा वरच्या पट्टीतला, ती आली असती तर रेकॉर्डरमध्ये ऐकू आलीच असती. मी आवाज वाढवला. अंगणात चिमण्या होत्या, लांब रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, एवढंच. आई परत बोलायला लागली, माझ्या रेकॉर्डरला उद्देशून, सावकाश.

"आजकाल दुपारीबी येते. वेनी घालून देतो तिले. एका जागी बसतच नाही. केस वलेच राह्यतेत तिचे, कितीक पुसले तरी."

मी लिहिलं. खालची ओळ तशीच सोडली.

मग थांबणं सुरू झालं. आई एक वाक्य बोले, थांबे, तीन सेकंद, चार सेकंद, मग 'हाव' म्हणे आणि पुढचं वाक्य बोले. मी वर्षभर हेच काम केलंय. माणूस आठवायला थांबतो तेव्हा श्वास वेगळा असतो, आवंढा येतो, 'मंग' येतं. हे तसं नव्हतं. समोरचं माणूस काही सांगतंय आणि आपण ऐकतोय, तेवढाच वेळ आई थांबत होती. दोघांच्या संभाषणातून एका माणसाचा आवाज पुसून टाकला तर जे राहील ते मी ऐकत होते. आणि ऐकून झालं की आई ते रेकॉर्डरला सांगत होती.

"नदीवर नेलं तिले." थांबली, चार सेकंद. "हाव. कडी काहाडून नेलं. गोट्यावर बसोलं तिले, पान्याच्या मधात मोठा गोटा होता, त्याच्यावर." तीन सेकंद. "शंभर मोज म्हनलं. शंभर होईलोक आली म्हनलं."

मी रेकॉर्डर बंद केला.

शंभर मोज, शंभर होईपर्यंत मी आलीच. हे मी तिला म्हटलं होतं, नदीच्या मधल्या खडकावर बसवून, कारण पलीकडचा उतार तिला चढवला नसता आणि मला सीताफळं पाहिजे होती. त्या वेळी काठावर कोणी नव्हतं. एक बकरीसुद्धा नव्हती. ते शब्द मी म्हटले आणि तिनं ऐकले. तिसऱ्याला ते ठाऊक असण्याचा काही मार्ग नाही. मी तो कितीही शोधला, आजही शोधते. झोपेत बडबडले असेन, असं म्हणून पाहिलं. लहानपणी तापात बोलले असेन. असेनही.

चहा करून प्यायले आणि परत रेकॉर्डर लावला. माझा स्वभाव हट्टी आहे, अर्धी फाइल मला सोडवत नाही.

"शंभर येतेत कुठं तिले?" आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं, मला कधी न मिळालेलं लाडाचं हसू. "चाळीसच्या पुढं गडबडते. मंग पयल्यापासून मोजते. अजूनबी मोजून राह्यली."

त्यापुढे आई बराच वेळ गप्प होती. मी सेकंद मोजले नाहीत.

आता दुसरी ओळ. मी खिडकीपाशी बसून त्या पाच वाक्यांकडे पाहत राहिले. नदीवर नेलं तिले. आमच्या बोलीत 'नेलं' कोणालाही चालतं. मी नेलं, तू नेलं, त्यानं नेलं, तिनं नेलं. क्रियापद कोणाकडेही बोट दाखवत नाही. आई हे वाक्य कितीही वेळा बोलली असती तरी तिनं माझं नाव घेतलं असं झालं नसतं. आणि मला तेव्हा कळलं, की तिनं ते किती वर्षं असंच ठेवलं असेल. बाबा "दार उघडं टाकलं" म्हणायचे तेव्हा तिच्या मनात करणारा कोण ते पक्कं होतं आणि ती वरण वाढत होती. कधीपासून ते मला माहीत नाही. ती मुलगी यायला लागली तेव्हापासून, की आधीपासूनच.

मी कंसात [मी] लिहिलं. लिहिलं आणि खोडलं, कारण ते बोलणं आईचं होतं. तिच्या वाक्यात 'मी' भरलं तर आईनं नेलं असा अर्थ होतो. पस्तीस वर्षं जे चाललं होतं तेच मी पुन्हा एकदा कागदावर करायला निघाले होते, आणि तेही सुवाच्य अक्षरात. [तू] लिहून पाहिलं. पण आई त्या वेळी माझ्याशी बोलत नव्हती, मी बाजारात वांगी निवडत होते. [ती] लिहिलं तर पुढच्या 'तिले'शी गोंधळ. एकही सर्वनाम तिथे बसेना. नाव लिहावं लागणार होतं. मॅडमच्या पद्धतीत घरातल्या माणसाचं नाव न लिहिता नातं लिहितात, म्हणजे [मोठी मुलगी]. ते दोन शब्द एकदा लिहिले की पुण्यातली एक अनोळखी बाई, तिचे विद्यार्थी, उद्या कोणीही ते वाचणार होतं. आणि ज्या बाईनं त्या जागी स्वतः उभं राहून आयुष्य काढलं ती शेजारच्या खोलीत वालाच्या शेंगा सोलत होती. आधी त्यांना कळावं आणि हिला माझ्या तोंडून कधीच कळू नये?

मॅडमना मी फाइल खराब झाली म्हणून सांगू शकले असते. मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. फाइल खरंच पुसून टाकायचं बटण दाबायला काय लागतं?

मी उठून आईच्या खोलीत गेले. दुपारचे बारा वाजत होते, दारातून ऊन तिच्या पायांपर्यंत आलं होतं. ती खाली बसली होती, सूप पुढ्यात घेऊन. भिंतीशी तिचीच सतरंजी अर्धी उलगडून अंथरलेली होती. त्यावर कोणी नव्हतं.

"आई," मी म्हटलं. नुसतं 'नेलं होतं' म्हटलं असतं तरी तिला कळलं असतं, आमच्या घरात तेवढं पुरतं. "आई, मी नेलं होतं तिले. कडी मी काहाडली होती. तू लावली होती, मी काहाडली."

आईचे हात थांबले. तिनं वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही. सतरंजीकडे पाहिलं, साधारण सहा वर्षांचं मूल बसलं तर त्याचं तोंड जिथे येईल तेवढ्या उंचीवर.

"पाह्य," आई तिथे म्हणाली, "म्हनत होतो ना मी तुले, सांगीन ती एक दिवस? तू आयकतच नव्हती."

मी खाली बसले. रडू आलं असं नाही म्हणता येणार, नुसतं पाणी वाहत होतं आणि मला ते पुसायची लाज वाटत होती. आईनं हात लांब करून माझ्या गुडघ्यावर ठेवला. खरखरीत, शेंगांच्या चिकानं ओला हात. मला वाटलं झालं. सुटले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मला भूक लागल्यासारखं वाटलं.

आई अजून तिकडेच पाहत होती. ती थांबली होती. मी मोजू नये म्हणून ठरवलं आणि तरी मोजले, सहा सेकंद. मग ती "हाव" म्हणाली आणि माझ्याकडे वळली.

"इचारून राह्यली," आई म्हणाली, "पानी आलं तवा तू कुठीसा होती?"

मी उतारावर वर होते असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलेय, आता मला तो उतार आणि ती झाडं खरी दिसतात. आईचा हात माझ्या गुडघ्यावर होता.

"जवळच होती मी," मी म्हटलं. "परत येऊन राह्यली होती. दिसत होती मले. हाक मारली तिनं, अन् मी तिले तिथंच सोडून काठावर पळाली."